Rwp नंतर बघू, आधी फरकाची रेषा: कॅल्साइटच्या एका पॅटर्नवर रिटवेल्ड रिफाइनमेंट

रिफाइनमेंट नुकतंच शिकायला लागलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझा Rwp ८ टक्के आलाय, चालेल का?" Rwp म्हणजे मोजलेला पॅटर्न आणि मॉडेल यांत किती तफावत उरली ते. मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारतो की सरासरी काउंट किती होते, बॅकग्राउंड किती होतं, ले बेल फिटला किती आला होता. मग म्हणतो, फरकाची रेषा दाखव. ही चार उत्तरं मिळाली की त्या ८ ला अर्थ येतो. कधी तो उत्तम निघतो, तर कधी त्यात अख्खा दुसरा फेज लपलेला असतो.

हा लेख एकाच नमुन्यावर चालतो: प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या डिफ्रॅक्टोमीटरवर, तांब्याच्या नळीने, २० ते १०० अंशांपर्यंत घेतलेला कॅल्साइटच्या पावडरचा पॅटर्न. कॅल्साइट मुद्दाम निवडलं आहे. त्याच्या रचनेत रिफाइन करण्यासारखं फार थोडं असतं: a, c, ऑक्सिजनचा एकच x आणि अणूंचे कंपन-घटक B. त्यामुळे काही बिघडलं तर खापर रचनेवर फोडता येत नाही. बिघाड नमुन्यात, यंत्रात किंवा आपल्या हातात असतो, आणि तो ओळखायला शिकणं हेच इथलं काम आहे. पुढचे काउंट आणि टक्के समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण गणिताने एकमेकांशी जुळणारे आहेत. तुमच्या पॅटर्नचे आकडे वेगळे येतील, वागणूक मात्र अशीच असेल.

काउंट कच्चे हवेत

डच शास्त्रज्ञ ह्यूगो रिटवेल्ड यांनी १९६९ साली न्यूट्रॉन डेटासाठी ही पद्धत सविस्तर मांडली. तिची मूळ कल्पना सरळ आहे. एकमेकांवर चढलेली पीकं वेगळी करत बसायचं नाही, पॅटर्नमधला प्रत्येक बिंदू हेच एक मोजमाप मानायचं. रचना, पीकचा आकार आणि बॅकग्राउंड यांवरून त्या बिंदूवर किती काउंट यायला हवेत ते काढायचं आणि लीस्ट स्क्वेअर्सने दोन्ही जुळवत न्यायचं. कुठल्या बिंदूवर किती विश्वास ठेवायचा ते वजन ठरवतं, आणि वजन येतं काउंटवरून: १०० काउंटच्या बिंदूत १० ची अनिश्चितता असते, १०,००० काउंटच्या बिंदूत १०० ची.

म्हणून फाइलमध्ये कच्चे काउंटच हवेत. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग, बॅकग्राउंड वजा करणं, अल्फा-२ काढून टाकणं अशी मोहात पाडणारी बटणं असतात. रिफाइनमेंटसाठी त्यांतलं एकही दाबायचं नाही. काउंट-प्रति-सेकंदाचा घोळ तर फारच सर्रास होतो. समजा प्रत्येक पायरीवर २ सेकंद मोजलं आणि फाइल प्रति-सेकंद स्वरूपात निघाली. प्रोग्रामला ते कळत नाही. तो त्या निम्म्या आकड्यालाच काउंट समजतो आणि अनिश्चितता खऱ्यापेक्षा जास्त धरतो. परिणाम असा की χ², म्हणजे फिट किती जुळला याचा आकडा, बरोबर निम्मा दिसतो. त्याचं वर्गमूळ, म्हणजे GoF, १ च्या खाली गेलं की नवखा खूश होतो. खरं तर आकडा १ च्या बराच खाली येणं ही धोक्याची घंटा आहे. एकतर फाइल प्रति-सेकंदाची आहे, नाहीतर डेटा गुळगुळीत केलेला आहे.

पायरीचं माप पीकच्या रुंदीवरून ठरवा. निम्म्या उंचीवर पीक ०.१ अंश रुंद असेल, तर ०.०२ अंशाच्या पायरीने त्यावर पाच बिंदू पडतात आणि ते पुरतात. आपल्या उदाहरणात हीच पायरी आहे, म्हणजे एकूण सुमारे ४,००० बिंदू.

Rwp, Rexp आणि एक सोपं गणित

प्रोग्राम जे आकडे दाखवतो त्यांची सूत्रं अशी:

```
Rwp  = sqrt( Σ w (yo - yc)² / Σ w yo² )
Rexp = sqrt( (N - P) / Σ w yo² )
GoF  = Rwp / Rexp
chi² = GoF²
w    = 1 / yo
```

yo म्हणजे मोजलेले काउंट, yc म्हणजे मॉडेलने काढलेले, N बिंदूंची संख्या आणि P रिफाइन केलेल्या पॅरामीटरची. Rexp म्हणजे मॉडेल अगदी बिनचूक असतं, तरी केवळ मोजणीच्या चढउतारामुळे जेवढा Rwp उरला असता तेवढा. तो तळ आहे.

आता w च्या जागी १/yo घालून बघा. छेदात नुसती काउंटची बेरीज उरते. P हा N पुढे नगण्य असतो, त्यामुळे Rexp म्हणजे जवळपास १ भागिले सरासरी काउंटचं वर्गमूळ. सरासरी १०० काउंट असतील तर Rexp १० टक्के, ४०० असतील तर ५, आणि १०,००० असतील तर १. हे कागदाशिवाय करता येतं. कुणी "Rwp २ टक्के" म्हणालं की मी आधी हा हिशोब करतो.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही पहिल्यांदा ऐकताना उलट्या वाटतात.

पहिली: जास्त वेळ मोजलं की χ² बिघडतो. आपल्या नमुन्याचे सरासरी काउंट ४०० आहेत, Rexp ५ टक्के, आणि समजा शेवटी Rwp ६.५ टक्क्यांवर थांबला. GoF १.३, सगळे खूश. या ६.५ मध्ये मोजणीचा वाटा ५ चा आहे. दोन्ही वाटे वर्गाने मिळवले जातात, म्हणून मॉडेलच्या चुकीचा वाटा ४२.२५ वजा २५ याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. आता तोच नमुना सोळापट वेळ मोजा. Rexp १.२५ वर येईल. मॉडेलची चूक मात्र तेवढीच राहील, कारण ती मोजणीच्या वेळेशी बांधलेली नाही. नवा Rwp येईल सुमारे ४.३, GoF ३.५ आणि χ² १२ च्या घरात. रचना तीच आहे, डेटा जास्त चांगला आहे, आणि χ² सुमारे सातपट झालेला आहे. χ² १२ बघून घाबरलेल्याला म्हणूनच आधी Rexp विचारावा लागतो.

दुसरी गोष्ट बॅकग्राउंडची. लोह असलेला नमुना तांब्याच्या किरणांनी मोजला की फ्लुओरेसन्समुळे बॅकग्राउंड भरमसाट वाढतं. समजा बॅकग्राउंड १०,००० आहे आणि त्यावर ३०० काउंटची पीकं बसली आहेत. नुसती आडवी रेषा काढली तरी ती बहुतेक बिंदूंवर बरोबर बसेल आणि Rwp दोन टक्क्यांच्या आतच येईल, एकाही पीकला हात न लावता. अशा ठिकाणी मी एक कसोटी घेतो: फेजचा स्केल शून्य करून फक्त बॅकग्राउंड फिट करायचं आणि Rwp टिपून ठेवायचा. रचना घातल्यावर तो आकडा किती खाली आला, त्यावरून कळतं की रचनेने खरंच काही सांगितलं की नाही. काही प्रोग्राम बॅकग्राउंड वगळून वेगळा आकडाही देतात. FullProf मध्ये तो 'conventional' या नावाखाली येतो. तो साध्या Rwp पेक्षा मोठा असतो. दोन लेखांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करायची असेल, तर दोन्हीकडे एकच प्रकार आहे ना, ते आधी पाहा.

रचनेआधी ले बेल

खाली तळ आहे Rexp चा. आणखी एक पट्टी लागते, ती ले बेल फिट देतो. यात अणू नसतात. पेशीचं माप, अवकाशगट आणि पीकचा आकार एवढंच असतं, आणि प्रत्येक पीकची तीव्रता डेटाला हवी तशी मोकळी सोडलेली असते. म्हणजे तीव्रतेच्या बाबतीत याहून चांगलं कुठल्याही रचनेला जमणार नाही.

समजा आपल्या कॅल्साइटला ले बेलने ६.२ टक्के मिळाले. मग रिटवेल्डने ६.५ आले, तर रचनेकडून मिळण्यासारखं जवळपास सगळं मिळालं. उरलेला फरक पीकच्या आकाराचा आणि मोजणीचा. रिटवेल्डने ११ आले, तर तीव्रता चुकताहेत: रचना, अभिमुखता किंवा असंच काही. आणि ले बेललाच ११ आले, तर अणूंना हात लावण्यात अर्थ नाही, आधी पेशी आणि पीकचा आकार सुधारा. ही दहा मिनिटांची पायरी बरेच जण गाळतात आणि मग दोन दिवस अणू हलवत बसतात.

R-Bragg बद्दल एवढंच लक्षात ठेवा: त्यातल्या 'मोजलेल्या' तीव्रता मॉडेलच्याच मदतीने वाटून काढलेल्या असतात. तो मॉडेलच्या बाजूने झुकलेलाच असतो.

फरकाची रेषा कशी वाचायची

आलेखाच्या तळाशी धावणारी रेषा म्हणजे मोजलेलं वजा मॉडेल. वर गेली तर मॉडेल कमी पडलं, खाली गेली तर जास्त झालं. तिच्या आकारात चुकीचा प्रकार लिहिलेला असतो, आणि चार-पाच आकार ओळखता आले की बहुतेक कामं होतात.

पीकवर रेषा आधी वर आणि लगेच खाली जात असेल, किंवा उलट, आडव्या S सारखी, तर पीकची जागा चुकली आहे. मधोमध वर आणि दोन्ही बाजूंना खाली असेल तर मॉडेलचं पीक जास्त रुंद आहे. मधोमध खाली आणि दोन्ही बाजूंना वर असेल तर ते जास्त अरुंद आहे. जागा आणि रुंदी दोन्ही बरोबर असून नुसता एक उंचवटा किंवा एक खड्डा असेल तर तीव्रता चुकली आहे. रेषा पीकशी संबंध न ठेवता संथ लाटेसारखी हलत असेल तर ते बॅकग्राउंड. आणि खाली मॉडेलच्या पीकची जागा दाखवणारी एकही उभी खूण नाही अशा जागी वर निघालेलं टोक असेल, तर तो पाहुणा आहे: दुसरा फेज.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. संपूर्ण आलेख एका पडद्यावर बघून मत बनवू नका. कॅल्साइटचं (१०४) पीक इतकं उंच असतं की बाकी सगळं जमिनीवर लोळतं आणि फरकाची रेषा सपाट वाटते. उभा अक्ष वर्गमुळाचा करा आणि दहा-दहा अंशांचे तुकडे मोठे करून पाहा. शिवाय फरक भागिले अनिश्चितता हा आलेख वेगळा काढा. २०,००० काउंटच्या पीकवर ३०० चा फरक म्हणजे जेमतेम दोन सिग्मा. ३०० काउंटच्या बॅकग्राउंडवर तेवढाच फरक म्हणजे मोठी बातमी.

पहिली पायरी: पीकची जागा

आता कामाला लागू. कॅल्साइटची CIF फाइल घेतली, a ४.९९० आणि c १७.०६ अँगस्ट्रॉम, अवकाशगट R-3c. यंत्राचा पीक-आकार आधी लँथॅनम हेक्साबोराइडच्या प्रमाण नमुन्यावरून काढून गोठवला आहे. सुरुवातीला फक्त स्केल आणि बॅकग्राउंडची चार-पाच पदं मोकळी केली. Rwp ३८ टक्के. काळजीचं कारण नाही, कारण पीकं जागेवरच नाहीत. २९.४ अंशांवरच्या (१०४) वर फरकाची रेषा आधी जोरात वर, मग जोरात खाली जाते.

इथे सगळे जण पहिल्यांदा पेशीचं माप मोकळं करतात. करून पाहा, कारण जे घडतं ते शिकण्यासारखं आहे. Rwp खाली येतो, पण S जात नाही. कमी कोनाला तो 'आधी वर, मग खाली' असा राहतो आणि जास्त कोनाला उलटा होतो. दोन टोकांना उलट S दिसले की समजायचं, चूक पेशीची नाही. नमुन्याची पृष्ठपातळी वरखाली झाली आहे.

कारण भूमितीचं आहे. पावडर कपात दाबताना ०.१ मिलिमीटर खाली बसली, तर सगळी पीकं कमी कोनाकडे सरकतात, आणि सरकणं किती ते या सूत्राने येतं, s म्हणजे पावडर किती खाली बसली ते (s आणि R मिलिमीटरमध्ये, उत्तर रेडियनमध्ये):

```
Δ2θ = -2 s cosθ / R
```

R, म्हणजे गोनिओमीटरची त्रिज्या, २४० मिलिमीटर असेल तर २९.४ अंशांवर हे सरकणं ०.०४६ अंश येतं, १०० अंशांवर ०.०३१. पीकची रुंदीच ०.१ अंश, म्हणजे पीक निम्म्या रुंदीएवढं हललं. आता हेच सरकणं पेशी फुगवून भरून काढायचं ठरवलं, तर (१०४) ला पेशी ०.१५ टक्के मोठी हवी, आणि १०० अंशांजवळ फक्त ०.०२ टक्के. दोन्ही एकदम शक्य नाही. प्रोग्राम मधला आकडा धरतो, दोन्ही टोकं नाराज राहतात, आणि तुम्ही चुकीची पेशी घेऊन घरी जाता. कॅल्साइटमध्ये हे जास्त महागात पडतं, कारण पेशीच्या मापावरूनच त्यात मॅग्नेशियम किती शिरलंय याचा अंदाज घेतात.

म्हणून विस्थापन आणि पेशी दोन्ही मोकळी करा, पण शून्य-चूक त्याच वेळी मोकळी करू नका. शून्य-चूक सगळीकडे सारखी असते, विस्थापन cosθ ने बदलतं, आणि २० ते १०० अंशांत cosθ ०.९८ वरून ०.६४ वर येतो. हा फरक दोघांना वेगळं ओळखायला बेताचाच पडतो. दोन्ही सोडली की एक मोठं धन आणि दुसरं मोठं ऋण होऊन दोघं एकमेकांना खोडत बसतात. यंत्राचं शून्य प्रमाण नमुन्यावर तपासलेलं असेल तर विस्थापनच सोडा. आपल्याकडे Rwp १९ वर आला आणि S गेले.

दुसरी पायरी: रुंदी

आता मधोमध खड्डा आणि दोन्ही बाजूंना उंचवटे दिसतात. खरं पीक यंत्राच्या आकारापेक्षा रुंद आहे, म्हणजे स्फटिक बारीक आहेत किंवा त्यांत ताण आहे. कुठलं खरं ते पुन्हा कोन सांगतो. बारीकपणामुळे येणारी रुंदी १/cosθ ने वाढते, ताणामुळे येणारी tanθ ने. उंचवटे जास्त कोनाकडे झपाट्याने वाढत असतील तर ताण आधी सोडा, सगळीकडे साधारण सारखे असतील तर आकार. इथे आकाराचा एक पॅरामीटर पुरला आणि Rwp ८.३ वर आला.

ही जागा धोक्याची आहे. ८.३ हा आकडा चांगला दिसतो, आलेख लांबून सुंदर दिसतो, आणि बरेच जण इथेच थांबतात.

तिसरी पायरी: तीव्रता, आणि २६.६ अंशांवरचा पाहुणा

तुकडे मोठे करून पाहिले. (१०४) वर आता S नाही, खड्डा-उंचवटा नाही, नुसतं एक वर गेलेलं टोक आहे. ३६ अंशांवरच्या (११०) वर नुसता खड्डा आहे. एक जास्त, एक कमी, दोन्ही जागेवर आणि योग्य रुंदीचे. कॅल्साइट कसं फुटतं ते माहीत असलेल्याला हे पाहताक्षणी कळतं. ते (१०४) पृष्ठांवर स्वच्छ फुटतं, छोटे समभुज तुकडे होतात, आणि काचेने दाबून भरलं की त्या सपाट बाजू वर येऊन बसतात. ही पसंतीची अभिमुखता.

मार्च-डोलास दुरुस्ती (१०४) दिशेने लावा आणि r मोकळा करा. r १ असेल तर अभिमुखता नाही, १ पेक्षा जितका कमी तितकी जास्त. इथे r ०.८ आला. परिणाम वाटतो तेवढा प्रचंड नसतो, कारण (१०४) ला सममितीने आलेले जोडीदार आहेत. एक पृष्ठ वर असलं की बाकीच्यांचे लंब त्याच्याशी सुमारे ७५ अंशांनी कललेले असतात, आणि ते कमी दिसतात. सरासरी काढली तर r ०.८ ला (१०४) सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं आणि (११०) सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. फरकाच्या रेषेत जे दिसलं तेच. दुरुस्तीची दिशा अशी आधी डोळ्यांनी ठरलेली असावी. दिसेल ती दिशा घालून Rwp कुठे जास्त पडतो ते बघत फिरलात, तर काही ना काही मिळतंच, आणि ते बहुधा खोटं असतं. r ०.६ च्या खाली जाऊ लागला तर दुरुस्तीवर विसंबू नका, कप परत भरा, शक्यतो बाजूने.

Rwp ७.० झाला. आता २६.६ अंश. इथे सुमारे ३०० काउंटचं एक छोटं टोक आहे आणि खाली खूण नाही. कॅल्साइटचं एक पीक २३ ला आहे, पुढचं २९.४ ला, मध्ये काहीच नाही. नमुना कॅल्शियम कार्बोनेट असल्याने पहिला संशय ॲरागोनाइटवर जातो, पण त्याचं पीक २६.२ ला येतं आणि सोबत २७.२ ला दुसरं असतं. इथे एकच आहे, २६.६४ ला. हे क्वार्ट्जचं सर्वांत उंच पीक. २०.९ अंशांवर त्याचं धाकटं भावंड दिसतं का पाहिलं, अंधूकसं दिसलं. (१०४) ची उंची २०,००० आहे, म्हणजे हे टोक तिच्या दीड टक्का. तीव्रतेच्या प्रमाणावरून क्वार्ट्ज वजनाने साधारण १ टक्का.

आता गंमत बघा. हे टोक आहे तिथे एकूण काउंट ६०० आहेत, अनिश्चितता २४, म्हणजे बारा सिग्मा. शंकेला जागाच नाही. पण Rwp मध्ये त्याचा वाटा किती? ४,००० बिंदूंच्या पसाऱ्यात ते दहाएक बिंदू व्यापतं. हिशोब केला तर ते घातल्यावर Rwp ७.० वरून ६.७ वर येतो. ८.३ वर थांबलेल्याने आधी हेच केलं असतं तर आकडा ८.३ वरून ८.१ झाला असता, इतकंच. एक अख्खा खनिज-फेज, आणि Rwp वर दोन दशांशांचा परिणाम. हा आकडा पॅटर्नभरची सरासरी आहे. सरासरीत छोट्यांचा आवाज ऐकू येत नाही.

शेवटी अणू, आणि B ऋण का झाला

आता ऑक्सिजनचा x आणि B मोकळे केले. Rwp ६.५. ले बेल ६.२, Rexp ५. इथे पुढे ओढण्यात अर्थ नाही.

पण आकडा थांबला म्हणून काम झालं असं नाही. पॅरामीटर वाचायचे. कॅल्साइटमध्ये कार्बन-ऑक्सिजन अंतर काढायला प्रोग्रामही लागत नाही, ते थेट x गुणिले a असतं. x ०.२५७ आला तर अंतर १.२८ अँगस्ट्रॉम, कार्बोनेटला साजेसं. x ०.२५० आला असता तर १.२५, आणि Rwp कितीही छान असला तरी काहीतरी चुकलंय. B कॅल्शियमचा साधारण अर्धा ते एक, ऑक्सिजनचा त्याहून थोडा जास्त अपेक्षित असतो, Å² मध्ये.

माझ्या पहिल्या कॅल्साइटला कार्बनचा B ऋण आला होता. अणूचं कंपन ऋण म्हणजे काय, तर काहीच नाही, त्याला भौतिक अर्थच नाही. तरी Rwp त्या फिटमध्ये सर्वांत कमी होता, म्हणून मी तो तसाच ठेवला आणि गटाच्या बैठकीत दाखवला. समोरच्या ज्येष्ठ बाईंनी तक्त्याकडे बघून एकच विचारलं, "स्लिट किती होती?" १ अंशाची होती, आणि कप २० मिलिमीटरचा. त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला: २४० मिलिमीटर त्रिज्येला १ अंशाचा झोत २० अंश 2θ ला सुमारे २४ मिलिमीटर लांब पडतो. कपापेक्षा लांब. म्हणजे कमी कोनाला झोताचा काही भाग नमुन्याबाहेर वाया जात होता आणि तिथली पीकं खऱ्यापेक्षा बुटकी मोजली जात होती. २३ अंशांवरचं पीक त्यात सापडलं होतं. B चं काम असतं जास्त कोनाची पीकं दाबणं. इथे उलट कमी कोनाची दबली होती, म्हणून प्रोग्रामने B ला शून्याखाली ढकलून हिशोब जुळवला. Rwp समाधानी, फरकाची रेषाही बऱ्यापैकी सपाट, आणि चूक B मध्ये जाऊन बसलेली. अर्ध्या अंशाच्या स्लिटने पुन्हा मोजलं आणि B सरळ आले.

बॅकग्राउंडची पदं वाढवून Rwp पाडणाऱ्यांचंही असंच होतं. बारा-पंधरा पदं दिली की बॅकग्राउंड पीकच्या पायथ्याशी चढू लागतं, तीव्रता खातं, आणि त्याची किंमत पुन्हा B मोजतो. मॉडेलची बॅकग्राउंड रेषा वेगळ्या रंगात काढून मोठी करून पाहा. ती पीकखाली फुगत असेल तर पदं कमी करा, Rwp थोडा वाढला तरी चालेल.

अहवालात Rwp, Rexp आणि GoF तिन्ही द्या, Rwp बॅकग्राउंडसह आहे की वगळून ते लिहा, आणि P किती होता तेही. आलेखात पूर्ण पॅटर्नसोबत ६० ते १०० अंशांचा तुकडा दहापट मोठा करून, फरकाच्या रेषेसह, वेगळ्या चौकटीत टाका. तपासणारा आधी तिथेच बघतो.